प्लेलिस्ट बरोबर ६० मिनिटांची, तरी शवासनाचं संगीत दर वेळी आधीच का सुरू होतं

आई नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी ६ ते ७ योगाचा क्लास घेते आणि त्या क्लासचं संगीत माझ्याकडे असतं. दोन महिने एकच त्रास होऊन राहिला होता. प्लेलिस्टची बेरीज ६० मिनिटं, मी स्वतः तीनदा करून बघितलेली, आणि तरी रोज शेवटाला घोळ. आई प्राणायाम घेत असते, तीन आवर्तनं बाकी असतात, आणि स्पीकरवर शवासनाची बासरी सुरू होते. मग शवासन चालू असताना शांतिपाठ सुरू होतो, लोक डोळे मिटून पडलेले असतात, त्यांना वाटतं झालं, समोरच्या रांगेतल्या आजी उठून बसतात, चटई गुंडाळायला लागतात. आणि एक दिवस तर शांतिपाठ संपल्यावर ॲपने आपल्या मनाने पुढचं ढोलवालं गाणं लावून दिलं, सगळे अजून पाठीवर होते. आई काही बोलली नाही पण तिचा चेहरा बघून मी त्या दिवशी घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले.

ज्यांचं असंच होऊन राहिलं आहे त्यांच्यासाठी सगळं लिहिते, कारण हे एका कारणाने होत नाही, तीन-चार वेगळी कारणं असतात आणि वरून सगळ्यांचा परिणाम सारखाच दिसतो.

सगळ्यात आधी गाणी बदलू नका, सेटिंगलाही हात लावू नका. एक दिवस क्लास नसताना पूर्ण प्लेलिस्ट लावा, मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा आणि प्रत्येक गाणं खरंच किती वाजता सुरू झालं ते लिहा. बाजूला कागदावरच्या हिशोबाने ते किती वाजता सुरू व्हायला हवं होतं ते लिहा. दोघांतला फरक म्हणजे चूक. आता ती चूक किती आहे हे बघायचं नाही, ती कशी वाढत गेली ते बघायचं. प्रत्येक गाण्याला सारख्याच सेकंदांनी वाढत असेल तर कारण क्रॉसफेड. बराच वेळ शून्य आणि मग एकाच गाण्यावर एकदम उडी, तर त्या गाण्याची लांबी चुकीची धरली आहे. एकाच ठेक्यावरच्या लांब तुकड्यात हळूहळू, वेळेच्या प्रमाणात सरकत असेल तर लय चुकली आहे. आणि कागदावरची बेरीजच स्टॉपवॉचशी कुठेच जुळत नसेल तर बेरीज तपासा. मला हे आधी सुचलं असतं तर दोन महिने गेले नसते.

माझी प्लेलिस्ट १३ तुकड्यांची होती. पहिल्या जोडावर चूक १२ सेकंद, दुसऱ्यावर २४, तिसऱ्यावर ३६. म्हणजे स्पष्टच होतं. ॲपमध्ये क्रॉसफेड १२ सेकंदांवर ठेवला होता, कारण मला गाणी एकमेकांत हळूच मिसळायला हवी होती. आता क्रॉसफेड म्हणजे काय, तर पहिल्या गाण्याच्या शेवटच्या १२ सेकंदांवर दुसऱ्या गाण्याची पहिली १२ सेकंदं चढतात. ही १२ सेकंदं दोन्ही गाण्यांच्या लांबीत मोजलेली असतात पण घड्याळात एकदाच जातात. म्हणून खरी लांबी अशी निघते:

```
खरी लांबी = बेरीज − (गाणी − 1) × क्रॉसफेड
```

१३ गाणी म्हणजे १२ जोड, १२ गुणिले १२ म्हणजे १४४ सेकंद, म्हणजे २ मिनिटं २४ सेकंद गायब. शवासनाचा तुकडा माझा बारावा होता, त्याच्या आधी ११ जोड, म्हणून तो ५० व्या मिनिटाऐवजी ४७:४८ ला सुरू व्हायचा. शांतिपाठ ५८:०० ऐवजी ५५:३६ ला. आणि सगळं संपायचं ५७:३६ ला, जिथून पुढे ॲपचा ऑटोप्ले. हे आकडे स्टॉपवॉचशी तंतोतंत जुळले तेव्हा खरंच बरं वाटलं, म्हणजे कोणी काही बिघडवलेलं नव्हतं, हिशोबच तसा होता. शेवटची गाणी सगळ्यात जास्त का बिघडतात तेही यातच आहे, चूक साठत साठत तिकडेच जाते, आणि योगाच्या क्लासमध्ये नेमका शेवटच नाजूक असतो. सुरुवातीच्या व्यायामात १२ सेकंद इकडे-तिकडे झाली तर कोणाला कळतही नाही.

बेरजेचं पटकन सांगून टाकते, कारण आईची एक मैत्रीण झुंबाचा क्लास घेते, तिचं कारण हे निघालं. ती कॅल्क्युलेटरवर ४.३५ अधिक ३.५० करून राहिली होती, उत्तर ७.८५, आणि ते ती ७ मिनिटं ८५ सेकंद म्हणून पुढे नेत होती, आणि पुढच्या गाण्यांसोबत तर ते आणखीच वाकडं व्हायचं. मिनिटं-सेकंद साध्या दशांशात मिळवता येत नाहीत, सगळं सेकंदांत करा, २७५ अधिक २३०, ५०५ झाले, ६० ने भागा, ८ मिनिटं २५ सेकंद. शीटमध्ये करत असाल तर तिथे दुसरा खड्डा आहे. 4:35 टाइप केलं की शीट त्याला ४ तास ३५ मिनिटं समजते. समजू द्या, बेरीज तरी बरोबरच येते, फक्त २४ तासांच्या पुढे गेलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून मोजतं, म्हणून ६० मिनिटांची बेरीज १२:०० दिसते आणि माणूस घाबरतो. त्या सेलचा फॉरमॅट `[h]:mm` करा, लगेच ६०:०० दिसेल, किंवा गूगल शीटमध्ये Duration निवडा, तिथे ६०:००:०० दिसेल.

मग मी सोपा उपाय केला, क्रॉसफेड बंद केला. वेळ जुळली, शवासन ५० ला सुरू झालं. पण आता दोन गाण्यांच्या मधे ५-६ सेकंद पूर्ण शांतता, आणि नंतर पुढचं गाणं एकदम पूर्ण आवाजात. भुजंगासनात असताना संगीत थांबलं की लोक आसन सोडतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं, आई मोजत होती तरी अर्धा हॉल खाली टेकला, कारण कानाला सवय असते की आवाज थांबला म्हणजे काम संपलं.

ही शांतता येते कुठून तर गाण्याच्या फाइलमधूनच. बऱ्याच रेकॉर्डिंगच्या शेवटी २-३ पासून ६-७ सेकंदांपर्यंत नुसती शांतता सोडलेली असते, ती स्क्रीनवरच्या लांबीत धरलेली असते. आणि क्रॉसफेड लावला तरी ती जात नाही, हे लक्षात घ्या, कारण ॲप क्रॉसफेड फाइलच्या शेवटापासून मोजतं, संगीत कुठे संपलं ते त्याला दिसत नाही. शेवटी ६ सेकंद शांतता असलेल्या गाण्याला ८ सेकंदांचा क्रॉसफेड लावला तर खरी गाठभेट २ सेकंदांचीच होते, आणि त्याही २ सेकंदांत पहिलं गाणं विझत आलेलं असतं. म्हणून काही जोड सुंदर होतात आणि काही तुटतात, आणि आपल्याला वाटतं ॲप कधी चालतं कधी नाही. कॉम्प्युटरवर ffmpeg हे कमांड देऊन चालवायचं सॉफ्टवेअर असेल तर शांतता कुठे आहे ते असं दिसतं, -५० डेसिबलच्या खाली सलग १ सेकंदापेक्षा जास्त जे काही असेल ते तो सांगतो:

```
ffmpeg -i gane.mp3 -af silencedetect=noise=-50dB:d=1 -f null -
```

`silence_start` च्या पुढचा आकडा गाण्याच्या शेवटाजवळचा असेल तर तीच गाण्याची खरी लांबी. ffmpeg नसेल तर काही अडत नाही, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की लाट कुठे सपाट झाली ते सरळ दिसतं.

इथे मी ठरवलं की ॲपच्या प्लेलिस्टवर हे होणार नाही. वेळ हवी असेल तर क्रॉसफेड सोडावा लागतो, क्रॉसफेड हवा असेल तर वेळ सरकते, आणि प्रत्येक जोडाला वेगळी वागणूक हवी असते जी ॲप देत नाही. त्यामुळे पूर्ण क्लासची एकच फाइल करायची, ऑडॅसिटीत, फुकट आहे. एक अडचण आधीच सांगते, स्ट्रीमिंग ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी बाहेर काढून यात टाकता येत नाहीत, ती ॲपमध्येच बंद असतात. विकत घेतलेल्या फाइल, जुन्या सीडी किंवा स्वतःचं रेकॉर्डिंग लागतं. आमचा शांतिपाठ आणि सुरुवातीची प्रार्थना आईच्या क्लासमधल्याच दोघींनी म्हटलेली आहे, मोबाइलवर, पंखा बंद करून रेकॉर्ड केली, आणि ती बाकी सगळ्यापेक्षा छान वाटते.

आता काम उलट्या बाजूने करायचं. आधी गाणी नाही, आधी खुणा. आईसोबत बसून मी क्लासचे भाग काढले. ओंकार आणि प्रार्थना ० ते ५, सांधे मोकळे करायचे व्यायाम ५ ते १३, बारा सूर्यनमस्कार १३ ते २५, आसनं २५ ते ४३, प्राणायाम ४३ ते ५०, शवासन ५० ते ५८, शांतिपाठ आणि उठणं ५८ ते ६०. ऑडॅसिटीत त्या वेळेवर कर्सर नेऊन Ctrl+B दाबलं की खूण पडते, तिला नाव द्या. सात भाग, सात खुणा. आता नियम एकच, कोणतंही गाणं खूण ओलांडणार नाही. चूक झाली तरी त्या भागातच राहील, पुढे साठणार नाही. आधीच्या पद्धतीत पहिल्या गाण्यातली चूक शवासनापर्यंत जायची, आता ती पाचव्या मिनिटालाच मरते.

पण मग प्रत्येक भाग नेमका भरायचा कशाने? बरोबर १८ मिनिटांची गाणी कोणाकडे असतात. याचं उत्तर आपल्याकडे घरातच आहे, तानपुरा. तानपुऱ्याला सुरुवात-शेवट नसतो, तो ८ सेकंद लावा की ५० सेकंद, कोणाला कळत नाही कमी झालं का जास्त झालं. मी एक पूर्ण ट्रॅक तानपुऱ्याचा ठेवला, ० ते ६०, सलग. गाणं चालू असताना तो जेमतेम ऐकू येतो, गाणं संपत आलं की तो वर येतो, पुढचं गाणं बसलं की पुन्हा खाली. त्यामुळे आवाज कधीच शून्य होत नाही आणि गाण्यांना एकमेकांवर चढवायचीही गरज राहत नाही.

आसनांचा भाग सांगते म्हणजे कळेल. १८ मिनिटं भरायची होती. चार वाद्यसंगीताचे तुकडे, स्क्रीनवर ५:१२, ४:४०, ४:०५ आणि ३:५०, बेरीज १७:४७. शेवटची शांतता कापली, ४ सेकंद, ३ सेकंद, तिसऱ्यात काहीच नव्हती, चौथ्यात ६, असे १३ सेकंद गेले. उरले १७:३४. चार तुकड्यांत तीन जोड, प्रत्येक जोडाला ६ सेकंद नुसता तानपुरा, म्हणजे १८ सेकंद वाढले, १७:५२. उरलेले ८ सेकंद शेवटी, प्राणायामाच्या आधी, लोक सुखासनात येतात तेव्हा पुन्हा तानपुराच. बरोबर १८:००. हेच मी ८ सेकंदांच्या क्रॉसफेडने केलं असतं तर १७:३४ मधून २४ सेकंद कमी, १७:१०, आणि ५० सेकंदांचं भगदाड शेवटी एका जागी. सहा-सहा सेकंद वाटून दिले की ते भगदाड वाटत नाही, श्वास घेतल्यासारखं वाटतं, आणि आईला त्याच सहा सेकंदांत पुढचं आसन सांगता येतं. आता ती म्हणते की तानपुरा वर आला की मला घड्याळ बघावं लागत नाही.

गाणं भागापेक्षा थोडं मोठं असेल तर दोन रस्ते. एक, एखादी ओळ किंवा आवर्तन संपतं तिथे आवाज उतरवायला लागा, मधेच नको. दोन, लय किंचित वाढवा. ऑडॅसिटीत Change Tempo मध्ये सेकंदांची जागा असते, ६:१० चं गाणं ६:०० करायचं तर ३७० वरून ३६० लिहा, बदल २.७८ टक्के होतो आणि पट्टी तीच राहते. मी ३ टक्क्यांच्या वर जात नाही. ५ च्या पुढे गेलं की गाणाऱ्याचा आवाज घाईत वाटतो आणि तबल्याची थाप चिरकल्यासारखी होते, शांत संगीतात ते फार बोचतं.

सूर्यनमस्कार मात्र वेगळे, तिथे ठेकाच घड्याळ आहे. आई एका स्थितीला ५ सेकंद देते, १२ स्थिती म्हणजे एक नमस्कार एका मिनिटात, बारा नमस्कार १२ मिनिटांत. दादरा सहा मात्रांचा, मिनिटाला ७२ मात्रा ठेवल्या की एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांत होतं. म्हणजे प्रत्येक स्थिती समेवर बदलते, मोजायलाच नको, पाय आपोआप मागे जातो. केरवा घ्यायचा असेल तर आठ मात्रा आहेत, म्हणून ९६ ठेवा, तेही ५ सेकंदच. आता इथे वर सांगितलेली सरकणारी चूक येते. मी पहिल्यांदा तबल्याच्या ॲपवर अंदाजाने ७० ठेवलं होतं, दोनचा फरक तो काय. पण एक आवर्तन ५.१४ सेकंदांचं झालं आणि १२ नमस्कारांची १४४ आवर्तनं म्हणजे शेवटी २० सेकंद उशीर. पहिल्या नमस्काराला दोन सेकंदसुद्धा कळत नाहीत, बाराव्याला नमस्कार अर्धवट असताना तुकडा संपतो. या भागात जोड करायचा तर समेवरच करा, आणि दोन ठेके एकमेकांवर कधीच चढवू नका, २-३ सेकंदसुद्धा. दोन वेगळ्या लयी एकत्र ऐकल्या की लोकांचे पाय अडखळतात, आमच्या क्लासमध्ये एक काका खरंच तोल जाऊन टेकले होते.

पट्टीचं पण बोलायलाच पाहिजे. दोन शांत तुकडे, दोन्ही सुंदर, आणि जोडावर कानाला काहीतरी आंबट लागतं, तर समजा पट्टी भांडते आहे. एक काळी एकमध्ये आणि दुसरा पांढरी दोनमध्ये असेल तर ते शेजारचे सूर आहेत, एकमेकांवर चढले की घासतात, तुम्ही ते किती हळू मिसळलं याने काही होत नाही, उलट जितकं हळू मिसळाल तितका वेळ ते घासत राहतं. आणि तानपुरा खाली सलग ठेवला तर तोही एकाच पट्टीत असतो, त्यामुळे सगळे तुकडे त्याच्याशी जुळायला हवेत. गाण्याची पट्टी काढायला तानपुऱ्याचं ॲप घ्या, गाणं लावा, एकेक पट्टी फिरवून बघा, जिथे तानपुरा गाण्यात नाहीसा होतो ती पट्टी. आमचा तानपुरा काळी एकचा आहे, बहुतेक तुकडे मी त्याच पट्टीचे शोधले, आणि एक बासरीचा तुकडा अर्ध्या सुराने खाली घेतला, Change Pitch ने. अर्ध्या सुरापर्यंत चालतं, त्याच्या पुढे बासरी बासरी राहत नाही. पट्टी जुळतच नसेल असा आवडता तुकडा असेल तर त्याच्या पुरता तानपुरा पूर्ण उतरवा, आणि दुसऱ्या पट्टीचा तानपुरा दुसऱ्या ट्रॅकवर आणा, दोघांच्या मधे दोन सेकंद रिकामे गेले तरी चालतील.

आवाजाच्या पातळीसाठी Normalize वापरू नका, Loudness Normalization वापरा. पहिलं फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, त्यामुळे तबल्याची एक जोरदार थाप असलेला तुकडा एकूण हळू राहतो आणि सपाट बासरी मोठी होते. दुसरं कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते बघतं. मी सगळे तुकडे -२० वर आणते, तानपुरा सोडून, त्याला Envelope Tool ने हाताने वरखाली करते. ज्यांना खरंच दोन शांत तुकडे एकमेकांवर चढवायचे आहेत त्यांनी Crossfade Tracks मध्ये Constant power निवडा, साधा Fade Out आणि Fade In एकावर एक ठेवला तर बरोबर मध्यावर आवाज थोडा खचतो, साधारण ३ डेसिबल, आणि हॉलमध्ये तो खड्डा जाणवतो.

आता जे घरी कधीच कळणार नाही ते. मी हे सगळं फेब्रुवारीत हेडफोनवर बनवलं, जोड इतके मऊ झाले होते की मलाच सापडत नव्हते. एप्रिलमध्ये हॉलमधले दोन्ही कूलर सुरू झाले आणि शांतता परत आली! फाइल तीच, एक सेकंद बदललेला नाही. झालं असं की कूलरचा घों घों आवाज सलग असतो आणि त्याच्या पातळीखालचं सगळं तो खाऊन टाकतो. १२ सेकंदांचा उतार असेल तर त्याची पहिली ४-५ सेकंदंच ऐकू येतात, बाकी कूलरमध्ये बुडतात, आणि जेमतेम ऐकू येणारा तानपुरा तर पूर्णच जातो. नुसता स्पीकर मोठा केला तर गाणी नको तेवढी मोठी होतात. म्हणून उन्हाळ्याची फाइल वेगळी केली, त्यात उतार ५ सेकंदांचे, तानपुरा गाण्यांच्या खालीसुद्धा चांगला ऐकू येईल इतका, आणि जोडावर जवळजवळ गाण्याइतका. पाऊस लागला, कूलर बंद झाले की जुनी फाइल. नागपुरात उन्हाळ्यात सकाळी सहालाही कूलरशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, तेव्हा हे दोन्ही हवेच. तपासताना कूलर चालू करून हॉलच्या मागच्या भिंतीपाशी चटईवर झोपून ऐका, उभं राहून नाही, शवासनात कान जमिनीपाशी असतात आणि तिथे कूलर वेगळाच ऐकू येतो.

शवासनाच्या भागात मी गाणं एकच ठेवलं, आठ मिनिटांत एकही जोड नाही. ५७:०० ला बासरी संपते आणि शेवटचं मिनिट नुसता तानपुरा, त्यात आई हाताची बोटं हलवायला सांगते, कुशीवर वळायला सांगते, आणि ५८:०० ला शांतिपाठ हळू आवाजात सुरू होऊन १० सेकंदांत नेहमीच्या पातळीला येतो. शब्द असलेलं गाणं फक्त सुरुवातीला आणि शेवटाला, मधे नाही, कारण शब्द आले की आईच्या सूचना आणि गाणं दोन्ही अर्धं-अर्धं ऐकू येतं.

क्लास उशिरा सुरू झाला तर काय, हे सगळ्यांनी विचारलं. पावसात हमखास होतं, पाच मिनिटं लोक येऊनच राहिले असतात. एक फाइल असल्यावर मधून काही कापता येत नाही. म्हणून मी ५५ मिनिटांची दुसरी फाइल ठेवली, फक्त आसनांचा भाग १८ ऐवजी १३ मिनिटांचा, बाकी सगळं जसंच्या तसं. पहिला ५:०८ चा तुकडा काढला, उरले १२:२६, दोन जोडांचे १२ सेकंद, १२:३८, आणि शेवटी २२ सेकंद तानपुरा. कोणती आसनं गळणार ते आईने ठरवलं, उभ्यातली दोन. ६:०३ पर्यंत सुरू झालं तर साठवाली, त्याच्या पुढे पंचावन्नवाली. लोक येतात तेव्हा वेगळी तानपुऱ्याची फाइल फिरत असते, आईने डोळे मिटून हात जोडले की मी मुख्य फाइल सुरू करते, तोच शून्य मिनिट.

फाइल एमपी३ मध्ये १९२ केबीपीएसवर काढली तर तासाची साधारण ८६ एमबी होते, कोणत्याही मोबाइलमध्ये मावते. ती मोबाइलमध्येच ठेवा, नेटवरून वाजवू नका. साध्या प्लेअरमध्ये लावा जिथे ऑटोप्ले नाही, आणि आधी त्या प्लेअरमध्येही क्रॉसफेड किंवा वेग बदलायची सेटिंग चालू नाही ना बघून घ्या, माझ्याकडे वेग १.२५ वर राहिला होता कारण बाबा त्याच फोनवर प्रवचन ऐकतात. फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ पुन्हा चालू करा, नाहीतर प्राणायामात दूधवाल्याचा फोन येतो आणि संगीत थांबतं. काही ब्लूटूथ स्पीकर बराच वेळ आवाज नसला की स्वतःच बंद होतात, पूर्वी आमचा प्राणायामाचा भाग पूर्ण शांत होता तेव्हा हे दोनदा झालं, आता तिथेही तानपुरा आहे म्हणून होत नाही.

फाइल काढल्यावर एकदा खुणांच्या सातही वेळांवर जाऊन ऐका, नुसतं ५०:०० ला शवासन आणि ५८:०० ला शांतिपाठ बरोबर सुरू झाला म्हणून बाकीचं बरोबर असेलच असं नाही, कारण आता चूक पुढे साठत नाही, ज्या भागात झाली तिथेच राहते. आमच्या त्या समोरच्या रांगेतल्या आजी आता शांतिपाठाच्या दुसऱ्या ओळीला उठतात, त्याच्या आधी नाही.